बिनसंक्रांतीचा महिना

२०२३ साली आमच्या ओळखीच्या एका घरी गणपती २० ऑगस्टला आले. आमचे आले १९ सप्टेंबरला. दोन्ही घरं कोकणातली, दोन्हीकडे भाद्रपद शुद्ध चतुर्थीच, आकाशातला चंद्रही एकच. मोदक मात्र तीस दिवसांच्या अंतराने आम्ही दोनदा खाल्ले. त्यांच्याकडे टिळक पंचांग पाळतात, एवढं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण पंचांग बदललं म्हणून सण एका दिवसाने पुढेमागे व्हावा हे समजण्यासारखं आहे; अख्खा महिना कसा सरकतो? त्याचं उत्तर शोधताना अधिक महिन्याविषयीचा माझा स्वतःचाच एक गैरसमज गळून पडला.

गैरसमज असा, की दर तीन वर्षांनी कोणीतरी पंचांगात एक महिना घालतं. शाळेत शिकवलेलं गणितही तसंच होतं. चांद्र महिना साधारण साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षी अकरा दिवसांची तूट, ती साठत जाते आणि एक महिना होतो. गणित बरोबर आहे. साडेबत्तीस महिन्यांनी सरासरीने एक अधिक येतो, तो ह्याच तुटीमुळे. पण पंचांगकर्ता ही तूट वहीत मांडून, ‘चला, भरला महिना’ म्हणून तो घालत नाही. तो फक्त महिन्यांना नावं देतो, आणि नावं देताना एक महिना बिननावाचा राहतो.

नाव द्यायचा नियम असा. आपला महिना अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. त्या दरम्यान सूर्य कोणत्या राशीत शिरला, म्हणजे कोणती संक्रांत झाली, त्यावरून महिन्याचं नाव. मेष संक्रांत ज्यात झाली तो चैत्र, कर्क संक्रांत ज्यात झाली तो आषाढ, सिंह संक्रांत ज्यात झाली तो श्रावण. आपण मकर संक्रांतीला तिळगूळ वाटतो म्हणून संक्रांत म्हटलं की तीच आठवते, पण संक्रांती वर्षाला बारा होतात. आता एखाद्या महिन्यात एकही संक्रांत झाली नाही तर? त्याला स्वतःचं नावच मिळत नाही. मग पुढच्या महिन्याचं नाव उसनं घ्यायचं आणि मागे ‘अधिक’ लावायचं. त्याच्यानंतरचा, ज्याचं ते नाव खरोखरचं आहे, तो ‘निज’.

२०२३चाच हिशेब पाहू. सूर्य कर्केत शिरला १७ जुलैच्या पहाटे. त्याच रात्री, बारा वाजून गेल्यावर काही क्षणांतच, अमावास्या संपली आणि नवा चांद्र महिना सुरू झाला. तो संपला १६ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमारास. सूर्य सिंहेत शिरला त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑगस्टला दुपारी. म्हणजे चंद्राचा सबंध महिना सूर्याच्या कर्केतल्या मुक्कामात, डब्यात डबा बसावा तसा बसला. आधी एकोणीस तास मोकळे, नंतर जवळजवळ दिवसभर. तो झाला अधिक श्रावण.

मोठ्या डब्यात लहान डबा बसतो, म्हणजे सूर्याचा मुक्काम चांद्र महिन्यापेक्षा लांब हवा. इथे पृथ्वीची चाल कामाला येते. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते आणि संथ चालते, म्हणून मिथुन-कर्केत सूर्याचा मुक्काम साडेएकतीस दिवसांवर जातो. जानेवारीत ती जवळ असते आणि घाईत असते. धनु राशीत सूर्य जेमतेम एकोणतीस दिवस आणि काही तास राहतो. त्या डब्यात चांद्र महिना मावतच नाही. म्हणून ज्येष्ठ, आषाढ, श्रावण हे वारंवार अधिक होतात आणि पौष अधिक झालेला कोणाच्या ऐकिवात नसतो. थंडीत उलटंही घडू शकतं, एकाच चांद्र महिन्यात दोन संक्रांती सापडतात आणि एक नाव गळतं. तो क्षयमास. १९८२-८३मध्ये झाला होता. पुढचा २१२३-२४मध्ये, तेव्हा त्याची काळजी आपण करायला नको.

तारखा सरकतात त्याही ह्याच्याचमुळे. गणेश चतुर्थी २०२२ला ३१ ऑगस्टला होती, २०२३ला १९ सप्टेंबरला, २०२४ला ७ सप्टेंबरला, २०२५ला २७ ऑगस्टला, २०२६ला १४ सप्टेंबरला. दोन पावलं मागे, एक उडी पुढे. दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे येणारा सण अधिक महिना ओलांडून आला की अठरा-एकोणीस दिवस पुढे जातो. ही उडी नसती तर काय झालं असतं ते पाहायला लांब जावं लागत नाही. मुसलमानी महिनेही चंद्राचेच, पण तिथे अधिक नाही, म्हणून रमजान साऱ्या ऋतूंतून फिरून सुमारे तेहतीस वर्षांनी जागेवर येतो. आपली दिवाळी मात्र भात कापणीच्या आसपासच राहते.

आता त्या दोन गणपतींकडे येतो. नियम दोन्ही पंचांगांचा एकच आहे. भांडण आहे ते राशिचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची, ह्यावर. आकाशात मेष राशीची वेस कोणी रंगवून ठेवलेली नाही. बहुतेक पंचांगं आणि १९५७ साली आलेलं सरकारी राष्ट्रीय पंचांग चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूला आरंभ मानतात. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी रेवती नक्षत्रातला एक मंद तारा आरंभाला धरला, आणि लोकमान्यांच्या पाठिंब्याने चाललेली शुद्ध पंचांगाची परंपरा तोच धरून आहे. ह्या दोन आरंभांत सुमारे चार अंशांचं अंतर आहे. सूर्य रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून टिळक पंचांगातली प्रत्येक संक्रांत चार दिवस आधी होते. मकर संक्रांतसुद्धा त्यांच्याकडे १० जानेवारीच्या आसपास. एरवी ह्या चार दिवसांनी काही बिघडत नाही. संक्रांत आधी झाली तरी बहुधा त्याच चांद्र महिन्यात पडते आणि महिन्याचं नाव तेच राहतं. पण २०२३ला सिंह संक्रांत चित्रेप्रमाणे १७ ऑगस्टला, तर रेवतीप्रमाणे १३ ऑगस्टला, आणि अमावास्या मधोमध, १६ला. आमचा अधिक श्रावण तो त्यांचा साधा, सरळ श्रावण. आमचा निज श्रावण त्यांचा भाद्रपद. महिनाभराचा फरक पडला तो ह्या चार दिवसांमुळे.

कोण बरोबर? माझ्या मते हा प्रश्नच फसवा आहे. वेस कुठे असावी हे दुर्बिणीतून दिसत नाही, ते ठरवायचं असतं. दोन्ही घरांनी आपापलं ठरवलेलं आहे आणि दोघांचा चंद्र चतुर्थीचाच असतो.

घरात मात्र हे तारे-राशी कोणी बोलत नाही. तिथे प्रश्न वेगळे असतात. २०२३ला आमच्या इमारतीत सगळ्यांत जास्त चर्चा झाली ती दिव्याच्या अवसेची. ती १७ जुलैला गेली, काहींनी गटारीही उरकली, आणि दुसऱ्या दिवसापासून लागला तो अधिक. सोमवार, मंगळागौर, नागपंचमी सगळं निज श्रावणात, एक महिना पुढे. मग अधिकात मासे खायचे की नाही? काही घरांनी दोन्ही महिने पाळले, काहींनी फक्त निज, आणि एका काकांनी गटारी दुसऱ्यांदा केली. २०२०ला तर अधिक आश्विन होता. सर्वपित्री १७ सप्टेंबरला झाली आणि घट बसले १७ ऑक्टोबरला. एरवी पितर जातात त्याच्या दुसऱ्या दिवशी देवी येते. त्या वर्षी मध्ये महिनाभर नुसतंच थांबायचं होतं.

मुंज, लग्न, वास्तुशांत ह्या महिन्यात नाही. त्याचं कारण अशुभापेक्षा पत्त्याचं असावं असं मला वाटतं. वर्षाने परत येणार नाही अशा तिथीवर कायमचं काही कसं बांधणार? म्हणूनच अधिकात गेलेल्याचं वर्षाचं श्राद्ध पुढे नेहमीच्या, त्याच नावाच्या महिन्यात करतात. ह्या बेवारस महिन्याला आधी ‘मलमास’ म्हणत, मग विष्णूने त्याला आपलं नाव दिलं आणि तो पुरुषोत्तम मास झाला, अशी पुराणातली गोष्ट आहे. बीड जिल्ह्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरीला ह्या महिन्यात जत्रेसारखी गर्दी लोटते.

आणि घरोघरी तो होतो धोंड्याचा महिना. धोंडा म्हणजे कणकेच्या पारीत पुरण भरून उकडलेला गोळा. तो आणि तेहतीस अनारसे जावयाला, कारण जावई नारायण आणि लेक लक्ष्मी. तेहतीस का, तर कोणी तेहतीस कोटी देव सांगतात, कोणी साडेबत्तीस महिन्यांचे पुरते तेहतीस करतात. वाण जाळीदार हवं: अनारसे, बत्तासे, मैसूरपाक. अनारशांची तयारी आधीपासून करावी लागते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, सावलीत ओलसर राहतील इतके वाळवून कुटायचे, गूळ घालून पीठ काही दिवस मुरवायचं. खसखशीवर थापून खसखस वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवायचं. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल असलं की तो तुपात पसरून विरतो. तेव्हा आजी म्हणायची, ‘हसला गं!’ आणि पिठात आणखी तांदळाचं पीठ मिसळायची.

ह्या वाणाचं आता चांदीच्या ताटात आणि चांदीच्या दिव्यात रूपांतर झालं आहे. अधिक जवळ आला की सराफांच्या जाहिराती आधी येतात. ते मला खटकतं. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण लेकीच्या बापाने रचली नसेल, पण लागू त्यालाही पडते. मुळात तो सालगड्याचा हिशेब असावा: सौदा पाडव्यापासून पाडव्यापर्यंतचा, धान्य बाराच महिन्यांचं, आणि साल ३५४ ऐवजी ३८४ दिवसांचं. त्यापेक्षा लेकीने आईची ओटी भरायची ती चाल मला जास्त आवडते. तिथे देणंघेणं उलटं वाहतं आणि साडी सुतीसुद्धा चालते.

माझा एक मावसभाऊ १९८५च्या अधिक श्रावणात जन्मला. तिथीने वाढदिवस करायचा तर तो दरवर्षी साध्या श्रावणात करावा लागे आणि मावशीला ते कधीच पटलं नाही. पण एकोणीस सौर वर्षं आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ तंतोतंत जुळतात, काही तासांचाच फरक. त्यामुळे २००४ला अधिक श्रावण आला आणि २०२३लाही, दोन्ही वेळा जुलैच्या त्याच आठवड्यात. दुसऱ्या खेपेला तो अडतीस वर्षांचा होता आणि त्या दिवशी सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणाला गेला होता. मावशीने फोन करून ओवाळलं. अनारसे तिनेही केले होते, एकोणीस.