‘कुठं जायचं, दादा?’

नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून त्र्यंबकेश्वराकडे निघालेल्या एस.टी.त वाहक कोणाला हात जोडून नमस्कार करीत नाही. आसनाशी येऊन तो ‘कुठं जायचं, दादा?’ एवढेच विचारतो, आणि या प्रश्नातील ‘दादा’त, ‘मावशी’त किंवा ‘बाबा’त त्याचे सारे स्वागत आले, असे मी मानतो. गर्दीतून वाट काढीत प्रत्येकाला तिकीट द्यायचे, मध्येच घंटेची दोरी ओढायची, आणि तपासणीचे पथक गाडीत चढलेच तर तिकिटांचा व रोकडीचा मेळ दाखवायचा, अशी जबाबदारी ज्याच्या शिरावर आहे, त्याच्याजवळ दीर्घ अभिवादनास अवकाश कोठून असणार?

त्याला द्यावयाचे सौजन्यपूर्ण उत्तरही म्हणूनच आखूड असते. ‘अंजनेरी, दोन द्या, भाऊ’ असे म्हणताना पैसे हातात तयार असावेत, आणि मोठी नोट द्यावी लागलीच तर ‘सुटे नाहीत, उतरताना दिलेत तरी चालतील’ असे आपणच आधी म्हणावे. वाहक मग तिकिटाच्या पाठीवर येणे रक्कम लिहून देतो. तो चिठोरा जपून ठेवावा आणि महिरावणी मागे पडताच दाखवावा. अंजनेरीचा थांबा आल्यावर दारात उभे राहून हिशेब मागितला, तर मागच्या उतारूंची वाट अडते आणि दोघांचेही आवाज चढतात.

ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या वृद्धांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, आणि तेव्हापासून ‘आजी, आधारकार्ड आहे ना?’ हा प्रश्न नित्याचा झाला आहे. काही वृद्धांना तो अविश्वासाचा वाटतो व ‘माझे पिकले केस दिसत नाहीत का?’ असा उलट प्रश्न येतो. परंतु वयाचा दाखला पाहिल्यावाचून सवलतीचे तिकीट देण्याची मुभा वाहकाला नाही; त्याच्या जागी कोणीही असता तरी हेच विचारता. ‘हे बघा, बाळ’ म्हणून कार्ड पुढे केले की तोही अदबीने ‘असू द्या, आजी’ म्हणून पुढे सरकतो.

रिक्षाचालकाची रीत निराळी. नाशिकरोड स्थानकाबाहेर तो ‘शालिमार, शालिमार, एकच सीट!’ अशी हाक घालतो, आणि जायचे नसेल तर मान फिरवून निघून जाण्याऐवजी ‘नको, दादा’ म्हटल्याने तो लगेच दुसऱ्या उतारूकडे वळू शकतो. जायचे असेल तर ‘शालिमारला किती घेणार?’ हे बसण्यापूर्वीच विचारावे, कारण उतरल्यावर केलेली घासाघीस त्याला फसवणूक वाटते आणि आपल्याला लूट. वाटेत उतरायचे झाल्यास ऐनवेळी ‘थांबा, थांबा’ असे ओरडू नये. मागून येणारी वाहने ध्यानात घेऊन त्याला रिक्षा कडेला घ्यायची असते, तेव्हा ‘पुढच्या चौकाच्या अलीकडे घ्या, दादा’ असे थोडे आधीच सांगावे.