ऑगस्टची फी, डिसेंबरचा कापूस

पदवीदान समारंभानंतरच्या फोटोत काळा गाऊन घातलेल्या मुलाच्या शेजारी आईवडील अवघडून उभे असतात आणि खाली ठरावीक वळणाच्या ओळी असतात: आईने दागिने मोडले, बाबांनी शेत गहाण टाकले, पण माझे शिक्षण थांबू दिले नाही, घराण्यातला पहिला पदवीधर. या ओळींना भाबड्या म्हणून हसणे मला पटत नाही. त्यांतले प्रत्येक वाक्य बहुधा खरे असते. पण दागिने नेमके कशापायी मोडावे लागले, हे त्या सांगत नाहीत. ‘गरिबी’ हे उत्तर अपुरे आहे. कित्येक घरांच्या वर्षाच्या मिळकतीत ती फी ओढूनताणून का होईना, बसते. बसत नाही ती फी भरायची तारीख.

विदर्भ-मराठवाड्यातले कोरडवाहू शेतकऱ्याचे घर घ्या. जून-जुलैत बी-बियाणे आणि खतात हातातला पैसा संपतो. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास निघते, कापसाची वेचणी त्याच्या पुढेमागे सुरू होऊन हिवाळाभर चालते. अभियांत्रिकीचे प्रवेश मात्र ऐन पावसाळ्यात होतात आणि केंद्रीय फेरीत मिळालेली जागा मोजक्या दिवसांत पक्की करावी लागते. म्हणजे घरात रोकड सर्वांत कमी असते, नेमकी तेव्हाच सर्वांत मोठी रक्कम मागितली जाते.

समजा, शिक्षण शुल्क एक लाख आहे आणि मुलगा राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला पात्र आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांसाठी असलेल्या या योजनेत निम्मे शुल्क सरकार देते. उरलेले पन्नास हजार आणि खोली, खानावळ, अनामत यांचे तीस हजार, असे ऐंशी हजार ऑगस्टमध्ये उभे करायचे. सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिन्याने काढले आणि कापूस विकून पाच महिन्यांनी फेडले, तर व्याज बारा हजार. महाविद्यालयाने ‘शिष्यवृत्ती आली की परत देऊ’ म्हणून पूर्ण फी घेतली, तर आणखी पन्नास हजार काढावे लागतात. ते दहा महिन्यांनी परत आले की पंधरा हजारांचे व्याज वर बसते. एका वर्षाचे सत्तावीस हजार, चार वर्षांचे एक लाख आठ हजार. एका वर्षाच्या पूर्ण फीपेक्षाही जास्त रक्कम केवळ वाट पाहण्यात गेली. आईच्या दागिन्यांवर पहिली पाळी येते तीही यामुळेच: सोने तारण ठेवले की पैसे त्याच दिवशी मिळतात आणि व्याज सावकारापेक्षा बरेच कमी असते. ते सोडवता आले नाही, की ‘मोडले’ म्हणायचे.

मग शैक्षणिक कर्ज का घेत नाहीत, असे कोणी विचारेल. चार लाखांपर्यंत तारण मागू नये, हा नियम आहे; शिक्षण संपेपर्यंत हप्ताही सुरू होत नाही. पण बँकेला प्रवेशाचे पत्र, शुल्काचा तपशील आणि सहकर्जदार म्हणून बापाची कागदपत्रे हवी असतात. जागा टिकवायची मुदत दिवसांची, कर्जमंजुरी आठवड्यांची. त्यात बापाचे जुने पीककर्ज थकलेले असेल, तर बँकेच्या दारातच अडते.

त्याग पूर्वीही होताच, हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे सोने विकले. पण त्या मुलांसाठी तेव्हा दुसरी व्यवस्था नव्हती. आज योजना आहे, तरतूद आहे, पात्रताही मान्य झालेली आहे, आणि तरी दागिने विकले जातात ते सरकारी पैसा येईपर्यंतचे महिने भरून काढायला. या दोन त्यागांना एकाच आदराने नमस्कार केला, की दुसऱ्याला जबाबदार असलेले कार्यालय सुटते.

आभाराच्या ओळीत व्याजाचा हिशेब कशाला, त्याने मायेला उणेपणा येतो, असेही म्हटले जाईल. मला उलट वाटते. नुसत्या ‘त्यागा’त आईबाप देव होतात, आणि देवाच्या अडचणी कोणी विचारत नाही. हिशेबात दिसतो तो तारखा सांभाळणारा, कुठले कर्ज आधी फेडायचे याचा विचार करणारा शहाणा माणूस. आणि त्याच हिशेबात धाकटी बहीणही दिसू लागते, जिचा प्रवेश ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणून लांबला. 2024 पासून पात्र कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ आहे, पण खोली आणि खानावळ त्या माफीत येत नाही, आणि तो खर्चही पावसाळ्यातच सुरू होतो.

पात्र विद्यार्थ्याकडून सरकारच्या वाट्याची रक्कम आगाऊ न घेणे आणि उरलेल्या फीचा मोठा हप्ता जानेवारीत ठेवणे, एवढे केले तरी वरच्या उदाहरणातले बरेचसे व्याज वाचते. महाविद्यालयाला प्राध्यापकांचे पगार दरमहा द्यायचे असतात, ही त्याची अडचण खरी आहे. पण शिष्यवृत्तीच्या उशिराचा भार कुणी तरी उचलणारच असेल, तर तो संस्थेने उचलावा; तिला बँकेकडून मिळणारा व्याजदर महिन्याला शेकडा तीनच्या जवळपासही नसतो.