भाकड महिन्यांचा हिशेब दरातच हवा

फ्रीलान्स कामाच्या ऑनलाइन बाजारपेठांवर ज्यांचे घर चालते, त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे चांगल्या महिन्यात शिल्लक टाका. सल्ला खोटा नाही, पण तो उशिरा येतो. शिल्लक टाकण्याइतका पैसा उरणार की नाही, हे दर सांगतानाच ठरून गेलेले असते. आणि ती शिल्लक किती लागेल, हे एका क्लायंटवर किती भार टाकला आहे यावर अवलंबून असते. दर, क्लायंट आणि भाकड महिने हे तीन सुटे प्रश्न समजले जातात. माझ्या मते तो एकच हिशेब आहे.

उदाहरणादाखल नाशिकमधील एक ग्राफिक डिझायनर घेऊ. घरखर्च महिना 50 हजार. आरोग्यविमा, सॉफ्टवेअर, इंटरनेट आणि कधीतरी बदलावा लागणारा लॅपटॉप यांचे मिळून महिना 10 हजार, कर आणि म्हातारपणाची तरतूद आणखी 10 हजार. म्हणजे वर्षाला 8 लाख 40 हजार. पगाराच्या सवयीने विचार केला, तर 50 हजारांना महिन्याच्या 160 तासांनी भागून ताशी सुमारे 312 रुपये मागितले जातात. पण वर्षातले 48 आठवडे, आठवड्याला 40 तास काम केले तरी त्या 1,920 तासांचे पैसे मिळत नाहीत. प्रपोजल लिहिणे, नाकारले गेलेले नमुने, दुरुस्त्या, डिसेंबरअखेर सुट्टीवर गेलेले परदेशी क्लायंट हे वजा जाता बिलात येणारे तास हजार-अकराशेच उरतात. 1,050 धरले, तर ताशी 800 रुपये हातात पडायला हवेत. बाजारपेठेचा वाटा त्याआधीच कापला जातो: फायव्हर 20 टक्के घेते, अपवर्क मे 2025 पासून नव्या करारांवर 0 ते 15 टक्के. प्रपोजलसाठी विकत घ्यावे लागणारे कनेक्ट्स आणि डॉलरचे रुपये करताना जाणारी रक्कम मिळून एकूण 15 टक्के धरले, तरी मागायचा दर 940 च्या आसपास जातो. 312 आणि 940 यांच्यातल्या फरकातच भाकड महिन्यांची भरपाई आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की दर जगभरच्या स्पर्धेने ठरतो. 940 मागणाऱ्या नवख्याला काम देणार कोण? पहिल्या काही कामांना कमी दर घ्यावा लागतो, हे खरे. मात्र ती रेटिंग मिळवण्यासाठी केलेली गुंतवणूक समजावी आणि ती किती कामांवर थांबवायची हे आधीच ठरवावे. जुना क्लायंट दरवाढीला सहसा राजी नसतो, म्हणून वाढ नव्या क्लायंटपासून सुरू करावी. आणि पुरेसा अवधी देऊनही त्या प्रकारच्या कामाला हा दर मिळत नसेल, तर ते काम जोडउत्पन्न म्हणून चालेल, मुख्य उत्पन्न म्हणून नाही. हा निष्कर्ष कडू आहे, पण कर्ज झाल्यावर कळण्यापेक्षा आकडेमोडीतून कळलेला बरा.

दुसरा आक्षेप अधिक मोहाचा आहे: एक मोठा, वेळेवर पैसे देणारा क्लायंट मिळाला की चिंता मिटते. याच डिझायनरचे हातात येणारे महिन्याचे 70 हजार धरा. त्यातले 60 टक्के एकाच क्लायंटकडून येतात आणि तो गेला, तर 28 हजार उरतात. कर आणि म्हातारपणाची तरतूद थांबवली तरी खर्च 60 हजारांचा, म्हणजे दरमहा 32 हजारांची तूट. नवा क्लायंट मिळायला चार महिने आणि पैसे हातात यायला एक महिना धरला, तर 1 लाख 60 हजार लागतात. शेवटचा महिना धरावाच लागतो, कारण अपवर्कवर ठरलेल्या रकमेच्या कामात क्लायंटला तपासणीसाठी 14 दिवस असतात आणि मंजुरीनंतर पैसे आणखी पाच दिवस अडकतात. क्लायंटचा वाटा 30 टक्के असता, तर त्याच पाच महिन्यांना 55 हजार पुरले असते. एका क्लायंटवरचा भार कमी करणे हीदेखील बचतच आहे. तो भार वाढत असल्याची खूण आधी दिसते: प्रपोजल पाठवणे बंद होते आणि लहान क्लायंटची उत्तरे रखडतात.

याहून मोठा क्लायंट म्हणजे खुद्द बाजारपेठ. खाते गोठले तर सगळे क्लायंट एकदम तुटतात आणि कमावलेले रेटिंग दुसरीकडे नेता येत नाही. तिथे भेटलेल्या क्लायंटला बाहेर वळवणे हा उपाय नव्हे. अपवर्कच्या अटींनुसार दोन वर्षे व्यवहार तिथूनच करावा लागतो, आणि अट मोडली तर खातेच धोक्यात येते. त्यामुळे उत्पन्नाचा काही भाग ओळखीतून, स्वतःच्या कामाच्या नमुन्यांतून थेट यायला हवा.

म्हणून दर तीन महिन्यांनी दोन आकडे काढावेत: एकूण मिळकत भागिले बिलात आलेले तास, आणि सर्वांत मोठ्या क्लायंटचा वाटा. पहिला आकडा घटत असेल तर दर किंवा कामाचा प्रकार बदलावा. दुसरा एक तृतीयांशापुढे गेला, तर भरलेल्या महिन्यातही नवे क्लायंट शोधण्यासाठी वेळ राखावा. तो वेळ बिलात येत नाही; पण वरच्या दरात त्याचे पैसे आधीच धरलेले आहेत.