पेढे राहू देत, आधी पत्र वाच

पेढ्यांचा पुडा त्या कपाटावर ठेव आणि समोर बस. पेढा मी नंतर खाईन, कदाचित खाणारही नाही. काल 'चौदा लाखांचं पॅकेज' म्हणत तू हॉस्टेलभर नाचलास, बार्शीला वडिलांना फोन केलास आणि त्याच दुपारी हिंजवडीच्या मोठ्या कंपनीलाही 'रुजू होतो' असं कळवून मोकळा झालास. का, तर 'मॅडम, बॅकअप असू दे.' दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला मी हुशार म्हणत नाही. त्याला कुठल्याही डगरीवर चढायचं धाडस नाही, एवढंच त्यातून कळतं.

बाणेरच्या स्टार्टअपचं पत्र काढ. चौदा लाख कुठे लिहिलेत? वर, ठळक अक्षरात. आता पान उलट. उलटलं होतंस का? नाही ना? मग मी वाचते. पक्का पगार वर्षाला 8 लाख 40 हजार. रुजू होताना 1 लाख बोनस, पण वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचा. कामगिरीनुसार 60 हजार, म्हणजे त्यांच्या मर्जीनुसार. आणि उरलेले 4 लाख? ते शेअरचे ऑप्शन. बरं, हे चार लाखही एका वर्षाचे नाहीत. ते चार वर्षांत थोडे थोडे तुझ्या नावावर पिकणार, आणि पहिल्या वर्षाच्या पॅकेजमध्ये मात्र सगळे एकदम मोजलेत. महिन्याला 70 हजार धर, त्यातून तुझा आणि कंपनीचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा कर. हातात पडतात साधारण 66 हजार. चांगला पगार आहे, मी नाक मुरडत नाही. पण तू वडिलांना सांगितलेला आकडा हा नव्हे.

ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे, ठरलेल्या किमतीला पुढे शेअर विकत घेण्याचा हक्क. तो दिल्यापासून पिकेपर्यंत किमान एक वर्ष जावं लागतं, हे कंपनी कायद्याच्या नियमांतच आहे. अकराव्या महिन्यात बाहेर पडलास किंवा काढलं गेलास, तर हाती शून्य. पिकल्यावर सोडलंस, तर बऱ्याच ठिकाणी तीन महिन्यांच्या आत पदरचे पैसे घालून शेअर घ्यावे लागतात. तेही अशा कंपनीचे, की जिचा शेअर बाजारात विकताच येत नाही. उद्या कंपनी विकली गेलीच, तर सहसा आधी गुंतवणूकदार आपलं भांडवल उचलतात आणि उरलं तर तुमच्याकडे येतं. बाजारात तुरी आणि तू इथे डाळ शिजवून पेढे वाटतोस!

आता खरा हिशेब, जो चार वर्षं इंजिनीयरिंग करूनही तुला सुचला नाही. त्या संस्थापकाने मुलाखतीत स्वतःच सांगितलं, असं तूच मला म्हणालास: 14 महिन्यांपूर्वी 12 कोटी उभे केले, दरमहा खर्च 60 लाख, गिऱ्हाइकांकडून येतात 10 लाख. म्हणजे दर महिन्याला 50 लाख गाठचे जातात. बारा कोटी किती महिने पुरतील? बोटं मोजू नकोस, चोवीस. त्यातले चौदा गेले. उरले दहा. आणि तुझा ऑप्शनचा पहिला हप्ता पिकणार बाराव्या महिन्यात. विहीर आटल्यावर दोन महिन्यांनी तुझी पाण्याची पाळी आहे, आणि तू बादली घेऊन मिरवतोस.

त्यांना पुन्हा पैसे मिळणारच नाहीत असं मी म्हणत नाही. मिळतीलही. पण गुंतवणूक उभी करायला महिनोन्‌महिने जातात, म्हणून 'पुढच्या फेरीची बोलणी सुरू झाली का' हे तू विचारायला हवं होतंस. तू काय विचारलंस? ऑफिसात टेबल टेनिस आहे का! कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून कुणालाही पाहता येतात. आकडे जुने असतात, पण मागच्या वर्षीचा तोटा कळतो. हॉस्टेलच्या पार्टीला तू किती घातलेस?

हसू नकोस. मोठ्या कंपनीच्या पत्राची पाळी यायची आहे. पगार वर्षाला 4 लाख 20 हजार, आणि रुजू व्हायची तारीख? 'यथावकाश कळवू.' हे वाक्य वाचून ज्याला स्थैर्य दिसतं त्याने चष्मा तपासून घ्यावा. मागच्या काही वर्षांत पत्र हातात घेऊन मुलांनी महिनोन्‌महिने घरी बसून काढलेत. आणि मोठी कंपनी म्हणजे सरकारी खातं नव्हे. टीसीएसने 2025 च्या जुलैत सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा तूच वर्गात पेपर नाचवत होतास. तिथलं स्थैर्य एवढंच, की पगार ठरल्या तारखेला होतो, पीएफ वेळेवर भरला जातो आणि गरज पडली तर दुसऱ्या प्रोजेक्टवर जागा होऊ शकते.

राहिलं शिकणं. 'स्टार्टअपमध्ये खूप शिकायला मिळतं' हे वाक्य तू कुठून उचललंस? तुझा कोड वाचून 'हे चुकलं, पुन्हा लिही' म्हणणारं माणूस तिथे कोण आहे? तूच सांगितलंस, तुझा वरिष्ठ आपल्याच कॉलेजचा, तुझ्याहून दोन वर्षं पुढे. त्याच्याकडून तू घाई शिकशील. रात्री अडीचला बंद पडलेला सर्व्हर कसाबसा उठवायला शिकशील, आणि तेही मोलाचं आहे. पण तो पुन्हा का बंद पडला, हे समजावणारं डोकं त्या खोलीत नसेल तर दोन वर्षांनी तू जुगाडात पटाईत होशील, बस्स. मोठीकडे असं डोकं असतं, पण ते तुझ्या वाट्याला येईलच असं नाही. सपोर्टच्या प्रोजेक्टवर पडलास तर दिवसभर तिकिटं बंद करत बसशील, आणि कंटाळून निघालास तर नव्वद दिवसांची नोटीस आडवी येईल. म्हणून दोन्हीकडे एकच प्रश्न विचारायचा असतो: माझ्याआधी वर्षभरापूर्वी आलेला मुलगा आज काय काम करतो? त्याचा नंबर माग. द्यायला टाळाटाळ झाली, तरी उत्तर मिळालंच.

आणि घर. वडील एसटीत कंडक्टर, निवृत्तीला दोन वर्षं. शैक्षणिक कर्ज चार लाख, हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास. पुण्यात काटकसरीने राहिलास तर पंचवीस हजार. म्हणजे दरमहा साडेएकतीस हजारांची गरज. मोठीकडे हातात येतील एकतीस. महिन्याला पाचशे कमीच. तिथे तू लगेच बुडणार नाहीस, पण एक आजारपण आलं तर तोंडाशी पाणी. बाणेरला महिन्याला चौतीस हजार शिलकीत टाकता येतात. दहा महिन्यांत तीन लाखांवर. कंपनी दहाव्या महिन्यात आटली तरी पुढची नोकरी शोधायला तुझ्याकडे जवळपास तेवढेच महिने असतील.

म्हणजे तू निवडलेली नोकरी कदाचित बरोबरही असेल. राग त्याचा नाही. तुला ती का बरोबर आहे हेच ठाऊक नाही, आणि पहिल्या पगारावर बुलेट नोंदवायची भाषा तू काल मित्रांत केलीस, राग त्याचा आहे. बुलेटचा हप्ता आला की ते सगळे महिने गेले. आधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत, मग बुलेट. रुजू झाल्यावर पीएफचं पासबुक दर महिन्याला बघ. पगाराची तारीख सरकायला लागली किंवा पीएफ जमा होणं थांबलं, त्या दिवशी बायोडेटा काढायचा. संस्थापकाच्या भाषणाची वाट बघायची नाही.

आता ऊठ. संस्थापकाला आजच मेल कर: बँकेत किती महिने पुरतील एवढे पैसे आहेत, पुढच्या फेरीचं काय, माझा कोड कोण तपासणार. लेखी उत्तर आलं की जी नोकरी घ्यायची नाही तिथे त्याच दिवशी नकार कळव. तुझ्या मागे त्या जागेसाठी मुलं थांबली आहेत. सोमवारी दहा वाजता उत्तरं घेऊन ये. पेढे तोवर इथेच राहतील.