गेलेल्या मित्राच्या वाढदिवसाला काय लिहावं?

मी : मावशी, उद्या त्याचा वाढदिवस. तो गेल्यानंतरचा पहिलाच. काका-काकूंना मेसेज करावासा वाटतो, पण हात धजत नाही. कसाबसा दिवस ढकलत असतील. मी कशाला खपली काढू?

मावशी : माझी लेक गेली, त्यानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला दिवसभरात एकच फोन आला, तोही गॅसवाल्याचा. सगळे मला जपत होते. मला मात्र वाटत राहिलं, तिला ओळखणारं कुणी उरलंच नाही का?

मी : पण काकूंना त्या दिवशी कुणीच नको असेल तर?

मावशी : असेलही. म्हणून फोन करू नकोस. फोन आला की आवाज सावरावा लागतो. मेसेज वाटेल तेव्हा वाचता येतो. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, हेही लिही. आणि रात्री बाराला नको; त्या वेळी तुम्ही केक घेऊन त्यांच्या दारात उभे असायचात.

मी : त्याच्यावाचून मी किती एकटा पडलोय, ते सांगावंसं वाटतं.

मावशी : ते वाचून काकू तुलाच धीर द्यायला बसतील. उद्या तरी त्यांच्यावर तो भार नको.

मी : मग आमची सिंहगडची रात्र? पावसात बाईकवरून गेलो होतो...

मावशी : तो बाईकच्या अपघातात गेला ना? मग त्यांना गड दिसणार नाही, रस्ताच दिसेल. दुसरं काही आठव. घरातला मुलगा आईबापांना ठाऊक असतो. घराबाहेरचा तुमच्याकडे आहे. त्यांच्याजवळच्या आठवणींत आता भर पडायची, ती तुमच्याकडूनच.

मी : मग हे बघ. ‘काका, काकू, आज त्याची खूप आठवण येतेय. पुरुषोत्तम करंडकाला आमच्या एकांकिकेत तो निवृत्त कारकून झाला होता. काका, तुमचा पांढरा शर्ट त्याने गळ्यापर्यंत बटणं लावून घातला होता आणि चालला अगदी तुमच्यासारखा. प्रयोग संपल्यावर भरत नाट्य मंदिराबाहेर आम्ही “अरे आव्वाज कुणाचा” ओरडत होतो. तो मात्र आत शर्टाची घडी घालत होता. “बाबांचा आहे, आईने इस्त्री करून दिलाय,” म्हणाला. असा गुणी मुलगा पुन्हा होणे नाही. उत्तर दिलं नाहीत तरी चालेल.’

मावशी : गुणी मुलाचं वाक्य काढ. घडी घातलेल्या शर्टातच ते आलंय. शोकसभेतलं वाक्य कुणाच्याही मुलाला लागू पडतं. शर्ट फक्त त्याचा.

मी : वाचून रडतील, मावशी.

मावशी : रडतील. न लिहिलंस तरी उद्या रडणारच आहेत. पण या रडण्यात त्यांना ठाऊक नसलेला त्यांचा मुलगा असेल.

मी : दरवर्षी लिहीन, असंही लिहू?

मावशी : नको. पाळता आलं नाही, तर ते त्या दिवशी वाट बघत बसतील. पण काकांनी ‘कुठलं नाटक होतं रे?’ असं विचारलं, तर लगेच उत्तर दे आणि सगळं सांग.