चष्मा घातलेल्या सावित्रीबाई

स्टेजवरच्या फॅन्सी ड्रेसमध्ये मुलाला निदान दोन वाक्यं बोलता येतात. फोटोच्या स्पर्धेत तेही नाही. घोडबंदरमधल्या एका शाळेने पालकांकडून फोटो मागवले आणि आम्हा तिघांना परीक्षक म्हणून बसवलं. निकष तीन: कल्पकता, मेहनत आणि व्यक्तिरेखेशी प्रामाणिकपणा. तिन्हींना सारखंच वजन. कागदावर अगदी सोपं काम.

शेवटी तीन फोटो उरले. पहिला घोड्याचा. घोडबंदर हे नाव इथे चालणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून पडलं असं सांगतात. हा मुलगा नुकताच गलबतातून उतरलेला घोडा झाला होता. फ्रिजच्या खोक्याचं धड, काथ्याची आयाळ. दुसरा फोटो सावित्रीबाई फुल्यांचा. नऊवारी, हातात पाटी, पदरावर चिखलाचे डाग आणि डोळ्यांवर मुलीचा रोजचा चष्मा. तिसरा शिवाजी महाराजांचा. भाड्याचा अंगरखा, जिरेटोप, मोत्यांची माळ, रेखीव दाढी. थेट कॅलेंडरमधून उतरल्यासारखा.

कल्पकतेत आमचं लगेच एकमत झालं: घोडा, सावित्रीबाई, महाराज. मेहनत फोटोत दिसत नाही, म्हणून शाळेने प्रत्येक घरातून एक ओळ लिहून घेतली होती. नऊवारी नेसायला मुलगी आठवडाभर शिकत होती. महाराजांचा अंगरखा आईने रात्री बसून आखूड केला होता. घोडा एका संध्याकाळचा. म्हणजे मेहनतीत सावित्रीबाई, महाराज, घोडा. (आईची मेहनत मुलाच्या खात्यात धरायची का, हा वाद आम्ही चहाबरोबर गिळून टाकला.) प्रामाणिकपणात बाकी दोघांनी महाराजांना पहिलं, घोड्याला दुसरं आणि सावित्रीबाईंना तिसरं ठेवलं. कारण चष्मा.

पहिल्या नंबराला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. बेरीज केली तर तिघांचेही सहाच. मग म्हटलं, दोघादोघांना समोरासमोर ठेवून बघू. घोडा सावित्रीबाईंपेक्षा कल्पकतेत आणि प्रामाणिकपणात सरस, म्हणजे दोन विरुद्ध एकने घोडा जिंकला. सावित्रीबाई महाराजांपेक्षा कल्पकतेत आणि मेहनतीत सरस. तेव्हा घोडा महाराजांनाही हरवणार असं वाटतं ना? पण महाराज घोड्यापेक्षा मेहनतीत आणि प्रामाणिकपणात सरस. पहिला दुसऱ्याला हरवतो, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पुन्हा पहिल्याला. मतदानातला हा चकवा फ्रान्सच्या काँदोर्सेने 1785 मध्ये दाखवला होता. त्याच्याकडे मतदार होते, आमच्याकडे निकष, पण फिरणं तेच. तिघांपैकी कोणीही आकडेमोडीत चुकलं नव्हतं.

अशा वेळी लोक चौथा निकष काढतात किंवा चिठ्ठी टाकतात. मला दोन्ही पळवाटा वाटतात. चक्र फिरत राहतं तेव्हा एखाद्या निकषाचा अर्थच आपण नीट ठरवलेला नसतो का, हे आधी बघावं. कल्पकता आणि मेहनत यांवर आम्ही बोललो होतो. प्रामाणिकपणा मात्र कोणी उलगडलाच नव्हता. प्रामाणिक, पण कशाशी?

चष्म्याचे गुण कापताना आमच्या डोळ्यांसमोर सावित्रीबाई नव्हत्या, त्यांचं चित्र होतं. त्या चित्रात चष्मा नाही हे खरं. पण त्या चित्रात चिखलही नाही. 1848 मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. तिथे जाता-येता लोक अंगावर शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या बरोबर आणखी एक लुगडं ठेवत, असं सांगितलं जातं. मुलीच्या पदरावर आलं ते चित्रातून नव्हे, त्या आयुष्यातून. एका परीक्षकांनी आधी ते डाग ‘अस्वच्छ पोशाख’ म्हणून टिपले होते!

प्रामाणिकपणा चित्राशी धरला तर भाड्याचा पोशाख जवळजवळ नेहमीच जिंकेल, कारण दुकानदार चित्र बघूनच तो शिवून घेतो. मग तो निकष मुलाला मोजत नाही, दुकानाला मोजतो. प्रामाणिकपणा आयुष्याशी धरला तर सावित्रीबाई तिथे पहिल्या येतात. मग मेहनत आणि प्रामाणिकपणा या दोन निकषांवर त्या घोड्याला हरवतात आणि तिन्ही निकषांवर महाराजांना. चक्र तिथेच थांबतं.

आयुष्याशी धरण्यात धोका आहेच. चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आयुष्य परीक्षकाने वाचलेलं असेल तितकंच. मी चिखल ओळखला तो पुस्तकामुळे. ज्या मुलाची खूण मला कळली नाही, त्याचा फोटो पहिल्याच फेरीत बाहेर गेला असेल. म्हणून घरून येणाऱ्या ओळीत ‘हे असं का केलं’ हेही विचारायला हवं, असं मी सुचवलं. ते मान्य झालं. सावित्रीबाईंना पहिला नंबर मिळाला, दोन विरुद्ध एक मतांनी.

विरोधातल्या बाईंचा प्रश्न मात्र अजून उभा आहे. घोड्याला प्रामाणिकपणाचे गुण मग कशावरून द्यायचे? या बंदरात उतरलेल्या एकाही घोड्याचं ना चित्र आमच्यापैकी कोणी पाहिलंय, ना आयुष्य कोणी वाचलंय.