बाकी शून्य

आज एकच हिशेब घेऊन बसू. घाई नको. कागदावर लिहा: १ कोटी. एका कंपनीला नवं यंत्र घ्यायचं आहे, त्याची ही किंमत. पैसा सगळा भागधारकांचा, कर्ज नाही.

आता स्वतःला त्या भागधारकाच्या जागी ठेवा आणि विचारा: हा पैसा कंपनीने मला परत दिला असता, तर इतकीच जोखीम असलेल्या दुसऱ्या ठिकाणी मला किती मिळालं असतं? समजा, वर्षाला १२ टक्के. हा दर कंपनीच्या इच्छेने ठरत नाही. हातची दुसरी संधी तो ठरवते. हाच आवश्यक परतावा. इथे थोडं रेंगाळा, कारण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

आता प्रकल्प हा तुमचा ऋणको आहे असं समजून त्याचं खातं उघडा. वर्षअखेर त्याच्याकडून येणं झालं १ कोटी १२ लाख. यंत्राने रोख ६२ लाख मिळवून दिले. येणं राहिलं ५० लाख. दुसऱ्या वर्षी त्यावर १२ टक्क्यांनी ६ लाख चढले, येणं ५६ लाख. यंत्राने नेमके ५६ लाख दिले आणि त्याचं आयुष्य संपलं. खातं बंद, बाकी शून्य.

या शून्यापाशी थांबा. प्रकल्पाने काहीच दिलं नाही, असं मनात येतंय का? मग मिळालेले पैसे मोजा: १ कोटी १८ लाख. मुद्दल परत आलं, पहिल्या वर्षाचे १२ लाख आले, दुसऱ्याचे ६ लाख आले. जे मागितलं ते पै न पै मिळालं, त्यावर काही उरलं नाही, इतकंच. नफा-तोटा पत्रकात मात्र दोन वर्षांचे १८ लाख (कर सध्या बाजूला ठेवू) निव्वळ नफा म्हणून झळकतील आणि व्यवस्थापक खूश होतील. कारण त्या पत्रकात कर्जावरचं व्याज खर्चात पडतं, भागधारकाच्या पैशाचा मोबदला पडत नाही. घोळ होतो तो इथेच.

हेच उलट्या दिशेने करून बघा. वर्षाने येणारे ६२ लाख १.१२ ने भागा: आजचे साधारण ५५.३६ लाख. दोन वर्षांनी येणारे ५६ लाख दोनदा भागा: ४४.६४ लाख. बेरीज १ कोटी. त्यातून खर्चाचा १ कोटी वजा केला की निव्वळ वर्तमान मूल्य शून्य. खातं पुढे चालवा किंवा रक्कम मागे आणा, हिशेब एकच आहे.

आता एकच आकडा बदला. दुसऱ्या वर्षी ५६ लाखांऐवजी ६८ लाख ५४ हजार ४०० रुपये आले. खातं फिटलं आणि वर १२ लाख ५४ हजार ४०० उरले. आजच्या भावाने ते बरोबर १० लाख. हे धन निव्वळ वर्तमान मूल्य.

हे १० लाख कुणाचे? सावकाश विचार करा. कंपनीचे १० लाख शेअर आहेत, भाव १०० रुपये, म्हणजे एकूण मोल १० कोटी. यंत्रासाठीचा १ कोटी नवे शेअर विकून उभा केला. प्रकल्पाची बातमी बाजाराला पटली, तर कंपनीचं मोल ११ कोटी १० लाख होतं. नवे भागधारक १ कोटी देतात आणि १ कोटीचाच हिस्सा घेतात. त्यांना त्यांचे १२ टक्के मिळणार, त्याहून जास्त द्यायचं कारण नाही. जुन्यांकडे १० कोटी १० लाख राहतात. शेअर १०१ रुपयांचा झाला. वाढलेली संपत्ती म्हणजे तो एक रुपया, आणि तो दोन वर्षांनी नव्हे, आजच वाढला. ज्याला आज खर्चायचं आहे तो थोडे शेअर विकेल, ज्याला थांबायचं आहे तो थांबेल. प्रकल्प घ्यावा यावर दोघांचं एकमत. आयर्विंग फिशर यांनी १९३० च्या ‘द थिअरी ऑफ इंटरेस्ट’मध्ये या विचाराचा पाया घातला.

शून्याच्या प्रकल्पात भाव १०० वरच राहिला असता. कुणाचं नुकसान नाही, कुणी श्रीमंत नाही.

हे कागदापुरतंच आहे का? मॅक्कॉनेल आणि मस्करेला या अभ्यासकांनी १९८५ मध्ये अमेरिकन कंपन्यांच्या भांडवली खर्चाच्या घोषणा तपासल्या. औद्योगिक कंपन्यांनी खर्च वाढवणार असं जाहीर केलं की शेअर सरासरीने वर गेले. सार्वजनिक सेवा पुरवणाऱ्या, म्हणजे विजेसारख्या कंपन्यांच्या शेअरवर तसा ठळक परिणाम दिसला नाही. त्यांचे दर नियामक बांधून देतो, भांडवलाला वाजवी परतावा मिळेल एवढेच. नियामकाने आपलं काम नीट केलं, तर त्यांचं प्रत्येक नवं वीजकेंद्र शून्यापाशीच येऊन थांबणार, आणि तरीही त्यांना भांडवल मिळत राहणार.